दोन विहिरींची एसओपी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे ‘जलदूत’ नावाची ही गाडी पन्नास वाघिणींची झाली. त्या उन्हाळ्यात शाळेत असलेली मराठवाड्यातली मुलं आता पदवीधर होऊन पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पाण्याशी संबंधित विषय निवडला असेल, तर ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे एसओपी लिहायला बसल्यावर पहिल्या ओळीत ती रेल्वे येणं अगदी साहजिक आहे. आठवण खरी आहे, मोठी आहे आणि जगाला सांगावी अशीही आहे. तरीही प्रवेशाच्या अर्जात ती बहुतेक वेळा काहीच काम करत नाही. याचं कारण समजून घेतलं की एसओपी कशी घट्ट करायची, हेही कळत जातं.

एसओपी वाचणारे लोक कोण, इथपासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेत किंवा युरोपात पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज शेवटी त्या विभागातले शिक्षकच वाचतात. त्यांच्यासमोर उमेदवाराची गुणपत्रिका असते, बायोडेटा असतो, दोन-तीन शिफारसपत्रं असतात. कोणत्या विषयात किती गुण मिळाले, एटीकेटी लागली होती का, इंटर्नशिप कुठे केली, हे त्यांना आधीच कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते एवढंच, की या मुलीच्या डोक्यात नेमका कोणता प्रश्न आहे, त्यावर काम करण्याइतकी तिची तयारी झाली आहे का, आणि त्या कामासाठी आपलाच विभाग तिला का हवा आहे. पाचशे ते हजार शब्दांत याचं उत्तर मिळालं नाही, तर बाकी मजकूर कितीही हृदयस्पर्शी असला तरी वाचणाऱ्याच्या हाती निर्णयासाठी काही लागत नाही.

ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी २००६ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांना एक सरळ प्रश्न विचारला होता : उमेदवाराच्या कोणत्या गोष्टींमुळे त्याची संधी हुकते? उत्तरांमध्ये वैयक्तिक निवेदनातल्या चुका ठळकपणे पुढे आल्या. स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल गरजेपेक्षा जास्त उघड करून लिहिणं ही त्यांतली एक. मला सगळ्यांना मदत करायची आहे, असा अतिपरोपकारी सूर ही दुसरी. आणि उमेदवाराची आवड त्या विभागातल्या कामाशी जुळत नाही, असं दिसणं ही आणखी एक. या निष्कर्षांची मर्यादा उघड आहे, कारण विषय एकच होता आणि देशही एकच. पण दुःख आणि सेवाभाव या ज्या दोन गोष्टींवर आपल्याकडच्या एसओपी सर्वाधिक भिस्त ठेवतात, त्याच तिथे खटकल्या होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता एक अर्ज जवळून पाहू. तो नमुन्यासाठी रचलेला आहे, त्यातली विद्यार्थिनी कोणी एक खरी व्यक्ती नाही. खडकांची आणि आकडेमोडीची माहिती मात्र खरी आहे. लातूर जिल्ह्यातली ही मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि तिला भूजल व हवामानबदल या विषयावरच्या युरोपीय एमएस्सीला अर्ज करायचा आहे. असा एक इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रम लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन इथल्या तीन संस्था मिळून चालवतात. विद्यार्थी एकेक सत्र एकेका शहरात शिकतात आणि मग प्रबंध लिहितात.

तिचा पहिला खर्डा नऊशे शब्दांचा. ‘पाणी म्हणजे जीवन’ हे पहिलं वाक्य. त्यानंतर दुष्काळ, आईच्या डोक्यावरचा हंडा, टँकरमागची धावपळ आणि रेल्वे, यांत जवळजवळ चारशे शब्द गेले. मग कॉलेज, सीजीपीए, शिकलेल्या विषयांची यादी. मधेच एक परिच्छेद फायनल इयरच्या प्रोजेक्टवर : एका लहान पाणलोटातल्या २२ विहिरींची पातळी मोजली, पुनर्भरणाचा अंदाज काढला, गाइडनी कौतुक केलं. शेवटी जगप्रसिद्ध प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा, अनेक संस्कृतींचं वातावरण आणि शिक्षण संपल्यावर मायदेशाची सेवा.

या खर्ड्याला एक साधी कसोटी लावता येते. पहिले चारशे शब्द झाकून ठेवायचे आणि उरलेलं वाचायचं. खालच्या कुठल्या वाक्याचा आधार गेला का? एकाही वाक्याचा नाही. प्रोजेक्ट जसाच्या तसा उभा राहतो, अभ्यासक्रमाची निवडही तशीच राहते. म्हणजे वरची गोष्ट आणि खालचा अभ्यास एकाच कागदावर असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. दुसरी कसोटी शेवटच्या भागाला लावायची : विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं लिहायचं. डेल्फ्टच्या जागी मेलबर्न लिहिलं तरी तो परिच्छेद सुखाने नांदतो. त्यात या अभ्यासक्रमाविषयी काहीच नव्हतं, असा त्याचा अर्थ.

इथे बरेच सल्लागार सांगतात की गोष्ट कापून टाक, फक्त अभ्यासाचं लिही. हा सल्ला अर्धवट आहे. गोष्ट काढून टाकली तर उरतो तो बायोडेटा, फक्त वाक्यांत लिहिलेला. या मुलीने रेल्वेऐवजी दुसरी आठवण शोधायला हवी, आणि ती कुठे सापडेल हे तिच्याच प्रोजेक्टच्या वहीत आहे.

वहीत काय आहे? ऑक्टोबरपासून मेपर्यंत मोजलेल्या २२ विहिरी. त्यांतल्या सात फेब्रुवारीतच आटल्या, आणि त्या सातांपैकी पाचांच्या अगदी शेजारी अशा विहिरी होत्या, ज्यांत मे संपेपर्यंत पाणी होतं. खर्ड्यात याचा उल्लेखही नव्हता, कारण तिला तो ‘निकाल’ वाटला नव्हता, मोजणीतली अडचण वाटली होती. तिच्या गाइडनी ‘हे असं का झालं असेल?’ एवढंच विचारलं असतं तर ती बोलत सुटली असती. २०१६ च्या मेमध्ये तिच्या घरची विहीर तळाला गेली होती आणि बांधापलीकडे साठ मीटरवर असलेल्या चुलत्यांच्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरत होती. दोन्ही विहिरी जवळपास सारख्याच खोल, आणि दोन्हींवर पडलेला पाऊसही तोच.

ही आठवण रेल्वेइतकी मोठी नाही, पण तिच्या पोटात प्रश्न आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेला आहे. प्रत्येक थर आतून सारखा नसतो. वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला, भेगाळलेला भाग असतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. खाली घट्ट पाषाण. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. विहीर यांतल्या कशाला जाऊन भिडली आहे, यावर तिचं पाणी किती दिवस टिकणार ते बरंचसं ठरतं.

आता पुनर्भरणाचा हिशेब पाहा. पावसाळ्यात विहिरीची पातळी जितकी वाढली, त्याला खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने गुणायचं, ही प्रचलित पद्धत. भारतात भूजलाचे अंदाज काढताना जे निकष वापरतात त्यांत झिजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळ बसाल्टसाठी हे प्रमाण दोन टक्के धरतात, तर घट्ट पाषाणासाठी ०.३५ टक्के. पातळी चार मीटर वाढली असेल, तर पहिल्या खडकात ८० मिलिमीटर पाणी मुरलं असं उत्तर येतं आणि दुसऱ्यात १४ मिलिमीटर. वाढ तीच, उत्तरांत जवळजवळ सहापटीचा फरक. आपल्या मुलीने सगळ्या पाणलोटासाठी सरसकट दोन टक्के धरले होते. तिच्या अंदाजानुसार मेपर्यंत ज्या विहिरींत पाणी राहायला हवं होतं, त्यांतल्या काही फेब्रुवारीतच का आटल्या, याचा एक धागा इथे सापडतो.

पहिल्या खर्ड्यातल्या ‘पुनर्भरणाचा अंदाज काढला’ या तीन शब्दांच्या आत एवढं सगळं दडून होतं. प्रवेश समितीतल्या भूजलशास्त्रज्ञाला हेच वाचायचं असतं. आपलं गृहीतक कुठे कमी पडलं हे ज्या विद्यार्थिनीला दिसलं, तिला पुढे शिकवण्यासारखं बरंच आहे, असं त्याला वाटतं. एसओपीत प्रोजेक्टची कमतरता लिहायला आपली मुलं घाबरतात. विषयातली मर्यादा नेमकी सांगता आली तर ती तयारीचाच पुरावा ठरते, आणि ही गोष्ट अर्जदारांना कुणीतरी आधी सांगायला हवी.

दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात मग अशी झाली (मूळ अर्थातच इंग्रजीत) : “२०१६ च्या मे महिन्यात आमची विहीर कोरडी होती आणि साठ मीटरवरच्या चुलत्यांच्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरत होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी त्याच पाणलोटातल्या २२ विहिरींची पातळी ऑक्टोबर ते मे मोजली, तेव्हा हा अपवाद नसल्याचं दिसलं. सात विहिरी फेब्रुवारीत आटल्या, त्यांतल्या पाचांच्या शेजारी मेअखेर पाणी होतं. पुनर्भरण मोजताना मी सर्व पाणलोटाला एकच प्रमाण लावलं होतं. बसाल्टचे थर इतक्या कमी अंतरावर बदलत असतील, तर ते प्रमाण कसं ठरवावं, हा प्रश्न मला तेव्हा सोडवता आला नाही.”

सत्तर-ऐंशी शब्दांत चारशे शब्दांचं काम झालं आणि आणखीही काही झालं. आता पहिलं वाक्य झाकलं तर ‘हा अपवाद’ म्हणजे कुठला, तेच कळणार नाही. गोष्ट आणि अभ्यास यांची गाठ बसली. दुष्काळ किती भयंकर होता हे कुठेही म्हटलेलं नाही, पण वाडी एका विहिरीवर आली होती एवढ्यावरून ते कळतं.

पुढचा भाग जुळणीचा, आणि बहुतेक अर्ज घसरतात ते इथे. अभ्यासक्रम भूजलाचा आहे म्हणून भूजलाची आवड असलेली मुलगी त्याला जुळते, असं नसतं. या अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा भाग हवामानबदलाचा आहे. त्याच्याशी दोन विहिरींचा काय संबंध, हे तिलाच दाखवावं लागेल. संबंध ओढूनताणून आणायची गरज नाही, कारण तो खडकातच आहे. बसाल्टमधला पाणी धरणारा भाग उथळ असतो. पाऊस थोड्या दिवसांत जोरात कोसळला तर हा भाग लवकर भरतो आणि नंतरचं पाणी मुरायला जागाच न मिळाल्याने वाहून जातं. तेवढाच पाऊस सावकाश, अनेक दिवसांत पडला तर चित्र वेगळं. म्हणून वर्षाचा एकूण पाऊस न बदलता त्याची पडण्याची रीत बदलली, तरी कुठल्या विहिरी आधी आटतील, हा प्रश्न तिला विचारता येतो. तो तिच्या वहीतूनही निघतो आणि अभ्यासक्रमाच्या मध्यभागीही जाऊन पोचतो.

हा प्रश्न सोडवायला तिच्याकडे काय नाही? भूजल कसं वाहतं याचं संगणकावर प्रारूप उभं करणं तिला येत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने विकसित केलेलं मॉडफ्लो त्यासाठी जगभर वापरलं जातं, तिने त्याचं फक्त नाव ऐकलं आहे. विहिरीतलं पाणी किती जुनं आहे, हे समस्थानिकांवरून ओळखण्याची पद्धत तिने वापरलेली नाही. या दोन उणिवा लिहून मग अभ्यासक्रमाचं पान उघडायचं, विषयांची यादी वाचायची, आणि यांतलं काय कुठल्या सत्रात शिकवतात ते शोधून तेवढंच लिहायचं. जे तिथे शिकवत नाहीत ते लिहायचं नाही. यादीत काहीच सापडलं नाही, तर हा अभ्यासक्रम आपल्यासाठी नाही, हे अर्जाची फी भरण्याआधी कळलं म्हणून बरं वाटून घ्यावं.

प्राध्यापकांची नावं घ्यावीत का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेतल्या पीएचडीच्या अर्जात बहुतेक विभागांना ती अपेक्षित असतात, कारण कुणाच्या हाताखाली काम करणार यावर प्रवेशाचा निर्णय बराच अवलंबून असतो. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएस्सीसाठी तशी सक्ती सहसा नसते. नाव घ्यायचं तर त्या माणसाचे अलीकडचे एक-दोन शोधनिबंध वाचून, त्यातल्या कोणत्या पद्धतीचा आपल्या प्रश्नाशी संबंध येतो, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते अजून त्याच विभागात आहेत ना, नवे विद्यार्थी घेत आहेत ना, हेही तपासावं. चार नावं ओळीने लिहिली की वाचणाऱ्याला लगेच कळतं, ती वेबसाइटवरून उचलली आहेत.

गोष्ट एकच असली तरी अभ्यासक्रम बदलला की तिची बाजू बदलावी लागते. ही मुलगी पाणी-धोरणाच्या एमएला अर्ज करणार असती, तर बसाल्टचे थर एका वाक्यात आटोपले असते. तेव्हा विचारायला हवं होतं की चुलत्यांची विहीर खासगी असताना सगळ्या वाडीने तिथे पाणी कसं भरलं, कोणी परवानगी दिली, मोटार किती वेळ चालवायची हे कोणी ठरवलं, आणि रांगेत शेवटी कोण उभं होतं. प्रसंग तोच, पण त्यातला समाजशास्त्रीय प्रश्न पुढे आला असता आणि २२ विहिरींच्या पातळ्यांऐवजी २२ विहिरींच्या मालकीची नोंद महत्त्वाची ठरली असती. एकच एसओपी आठ विद्यापीठांना पाठवणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथे होतं. नुसतं नाव बदलून जुळणी होत नाही.

दुःखाचं काय करायचं, हा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. घरातलं आजारपण, वडिलांचं कर्ज, कॉलेज सोडावं लागण्याची वेळ, जातीमुळे सोसलेला अपमान, हे सगळं खरं असतं आणि ते सांगण्याचा हक्क त्या विद्यार्थ्याचा असतो. पण त्यासाठी योग्य कागद निवडावा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने एसओपीबरोबर वैयक्तिक वाटचालीचं वेगळं निवेदन मागण्याची पद्धत ठेवलेली आहे. फुलब्राइटच्या अर्जातही अभ्यासाचा उद्देश आणि वैयक्तिक निवेदन असे दोन स्वतंत्र निबंध असतात. हंडा, टँकर आणि रेल्वे यांची जागा तिथे आहे, आणि तिथे ती पूर्ण तपशिलाने लिहावी. एकच निबंध मागितला असेल, तर अडचणीने अभ्यासावर जो परिणाम झाला तेवढाच लिहावा. तिसऱ्या सत्रात गुण घसरले असतील तर कारण एका वाक्यात, आणि त्यानंतर काय झालं ते दुसऱ्या वाक्यात. घसरणीनंतरच्या सत्रांतले गुण गुणपत्रिकेत दिसतातच, ते वाचणारा स्वतः पाहील. कुणालाही प्रवेशासाठी आपलं दुःख विकावं लागू नये, आणि जिथे त्याची गरज नाही तिथे तरी ते नक्कीच विकू नये.

शेवटचा परिच्छेद पुढच्या वाटेचा. ‘मायदेशाची सेवा करीन’ हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून काहीच कळत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा नोंदवते. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या गावांनी आपापले जलसुरक्षा आराखडे बनवावेत, अशी कल्पना होती. आपल्या विद्यार्थिनीने एवढंच लिहिलं : गावाच्या आराखड्यात सरसकट एकच प्रमाण न धरता शिवारातल्या खडकानुसार पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तिला तयार करायची आहे, आणि ती आधी स्वतः मोजलेल्या पाणलोटावर ताडून पाहायची आहे. ही इच्छा प्रबंधाच्या आकाराची आहे, म्हणून पटते.

तिचा शेवटचा खर्डा सहाशे चाळीस शब्दांचा झाला. रेल्वे पूर्ण गेली. शिकलेल्या विषयांची यादी गेली, कारण ती गुणपत्रिकेत होतीच. प्रोजेक्टचा भाग सत्तर शब्दांवरून दोनशेवर गेला. पाठवण्याआधी तिने तो प्रोजेक्टच्या गाइडना दिला, दोन कारणांसाठी. एक म्हणजे विहिरींचे आकडे आणि खडकाबद्दलची वाक्यं त्यांनी तपासावीत. फेब्रुवारीत आटलेल्या सात विहिरींपैकी एकीवर त्याच महिन्यात नवी मोटार बसली होती, हे त्यांनी तिला लक्षात आणून दिलं, आणि ‘सात’ या आकड्यापुढे उपशाचा फरक वगळलेला नाही, अशी अर्ध्या ओळीची कबुली आली. दुसरं कारण शिफारसपत्राचं. गाइडनी आधी ‘कष्टाळू आणि प्रामाणिक विद्यार्थिनी’ असं पत्र लिहून ठेवलं होतं. एसओपी वाचल्यावर त्यांनी ते बदललं आणि त्यात लिहिलं की दर महिन्याच्या एकाच तारखेला ही मुलगी टेप घेऊन २२ विहिरींवर जात होती, नोंदवही त्यांनी स्वतः पाहिली आहे, आणि एकच प्रमाण धरण्याबद्दलची शंका तिने निकाल लिहिण्याआधी त्यांच्याकडे बोलून दाखवली होती.